पहिला फोन कुणाला?

मंडळी, मुंबईहून परतताना कसारा घाट चढून आलो आणि घोटी सात-आठ किलोमीटरवर असताना गाडीचा क्लच गेला. रात्रीचे नऊ वाजलेले, धो धो पाऊस आणि शेजारी बेगम घाबरून बसलेली. एक क्रेनवाला थांबला आणि म्हणाला, "चार हजार द्या, घरी सोडतो." मी मुकाट्याने दिले.

सकाळी आठवले, की विम्यासोबत आपण 'रोडसाइड असिस्टन्स'चे जादा पैसे भरले आहेत. पावती पाठवली. उत्तर आले, 'आम्हाला न कळवता केलेला खर्च देता येत नाही.' पॉलिसी वाचली, तर तसेच छापलेले होते.

मग सगळे कागद नीट वाचले. मोटारीच्या नेहमीच्या विम्यात गाडी ओढून नेण्याचे दीड हजारापर्यंत मिळतात, पण ते अपघात झाला तर. क्लच जळणे हा अपघात नव्हे. त्यासाठीच ही वेगळी सोय असते. तीत साधारणपणे बॅटरीला जोड देणे, पंक्चरचे चाक बदलणे, संपलेले इंधन पोचवणे, जागेवरची किरकोळ दुरुस्ती आणि गाडी ओढून नेणे एवढे येते. इंधनाचे आणि सुट्या भागांचे पैसे मात्र आपलेच. गॅरेजमधला नवा क्लचही आपल्याच खर्चाने.

खरी गोम अंतरात आहे. समजा, मर्यादा पन्नास किलोमीटरची आहे. घोटीहून नाशिक चाळीसेक किलोमीटर, म्हणजे गाडी फुकट जाईल. पण ओळखीचा मिस्त्री मुंबईला आहे म्हणून तिकडे न्यायची म्हटली, तर सव्वाशेच्या वर किलोमीटर होतात. वरच्या पाऊणशे किलोमीटरचे पैसे आपण भरायचे. कंपनीचे बंधन बहुधा जवळच्या गॅरेजपर्यंतच असते. शिवाय एका बिघाडाला सहसा एकच फेरी मिळते. रात्री गाडी घरी आणली आणि सकाळी नाशिकला न्या म्हटले, तर दुसरी फेरी आपल्या खिशातून. क्रेन कुठून निघाल्यापासून अंतर मोजतात, तेही आधीच विचारून ठेवावे.

इथे 'क्लेम' म्हणजे मागाहून पाठवलेली पावती नव्हे, तर रस्त्यावरून केलेला पहिला फोन. गाडी कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा आणि माणसांना कठड्यापलीकडे उभे करा. गाडी भर रस्त्यातच अडली, तर राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या क्रमांकावर सांगा. ती मदत वाहन सुरक्षित जागी हलवण्यापुरती असते. मग पॉलिसीवरच्या क्रमांकावर गाडीचा नंबर आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्यांची क्रेन येत नसेल, तर दुसरी घेण्याची परवानगी त्याच फोनवर मागा आणि ती संदेशाने लेखी घ्या. मग पक्की पावती उपयोगी पडते.

आता तो क्रमांक मी गाडीच्या काचेवर आतून चिकटवला आहे. बेगमच्या फोनमध्येही आहे.