आईबाबांमधला निरोप्या

नवरा-बायकोत ताण वाढला की दोघांपैकी एक जण तिसऱ्याला मध्ये ओढतो. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी याला त्रिकोण असे नाव दिले. तिसरे बहुधा पोटचे मूल असते. आईने लेकीजवळ गाऱ्हाणे सांगितले की आईला हलके वाटते, पण ते ओझे आता लेकीकडे येते. जे बाबांना सांगायचे ते राहूनच जाते, आणि पुढच्या आठवड्यात तेच भांडण पुन्हा होते.

इथे वेंटवर्थव्हिलमध्ये माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीचे, आईवडील घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहतात. बाबा म्हणणार, "तुझ्या आईला सांग, माझ्या पासबुकाला हात लावू नकोस म्हणावं." ही आईला सांगणार, "बाबांना जरा पैशांची काळजी वाटते आहे." नवव्या वर्षापासून ती असे निरोप गोड करून पोचवते आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या मनात खरे काय आहे, हे दोघांनाही चाळीस वर्षांत कळलेले नाही! लहान मुलाला वाटते, भांडण माझ्यामुळे झाले, तेव्हा मीच मिटवायला हवे. ती समजूत मोठेपणीही सुटत नाही. फोन वाजला की हिच्या पोटात गोळा येई, आणि पहाटे तीनला जाग.

तिने निरोप नेणे थांबवले, एवढेच केले. आई सुरू झाली की म्हणायची, "आई, हे तू बाबांनाच सांग. मी नाही सांगणार." मग उठून न जाता तिथेच बसून भाजी निवडायची. हे बसणे महत्त्वाचे, नाहीतर आईला वाटते लेकीने टाकले.

सुरुवातीला त्रास वाढतो, हे आधीच माहीत असावे. आईने अबोला धरला. बाबांच्या छातीत दुखू लागले. अशा वेळी 'हे नाटक आहे' असे मुळीच धरू नये. तिने लगेच 000 ला फोन केला. इसीजी आणि रक्ततपासणी ठीक आली, तरीही तिने निरोप नेले नाहीत. दीड महिन्याने म्हातारा-म्हातारी पासबुकावरून समोरासमोर कडाडून भांडली. संसार काही गोडीचा झाला नाही, पण हिची झोप परतली.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर मात्र "तुम्ही दोघे बघा" असे म्हणून चालणार नाही. तिथे 1800 737 732 वर दिवसरात्र मदत मिळते. इंग्रजी अडत असेल तर 131 450 वर दुभाषी मागावा. तुमची स्वतःची झोप, भूक गेली असेल तर जीपीकडे मेंटल हेल्थ प्लॅन मागा. मेडिकेअरमधून वर्षाला मानसोपचाराच्या दहा भेटींपर्यंत पैशांची सवलत मिळते. जीपीला निव्वळ "डोके दुखते" असे सांगू नका, घरचेही सांगा.