वरून निवलं, पण आतून?

उकडलेला बटाटा सोलताना कधी ना कधी सगळ्यांचीच फसगत झालेली असते. साल हाताला सोसेल इतकी निवलेली असते, म्हणून आपण बेधडक बटाटा फोडतो आणि आतल्या वाफेने बोटं पोळतात. तेवढाच पोलादी गोळा तापवून हवेत ठेवला तर तो असा दगा देत नाही. तो वरून जितका गरम, तितकाच जवळपास आतूनही गरम असतो.

बाहेर पडणाऱ्या उष्णतेला दोन टप्पे ओलांडावे लागतात. आधी गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत यायचं आणि मग पृष्ठभागावरून हवेत जायचं. नाटक सुटल्यावर दार अरुंद असेल तर सगळी अडचण दारातच होते, आत गर्दी सारखी पसरलेली राहते. पोलाद हवेत निवताना असंच घडतं. बटाट्याचं वेगळं आहे. त्याच्या आतून उष्णता इतकी रेंगाळत येते की दाराजवळचे निघून जातात आणि पुढच्या रांगा भरलेल्याच राहतात.

या दोन अडथळ्यांचं गुणोत्तर म्हणजे बिओ अंक. झाँ-बाप्तिस्त बिओ (१७७४–१८६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव त्याला आहे, आपल्या कॉलेजांत मात्र सर्रास ‘बायोट नंबर’ म्हणतात.

Bi = hL/k

यातला h म्हणजे पृष्ठभाग हवेला किंवा पाण्याला किती जोरात उष्णता देतो त्याचं माप, k म्हणजे धातूची उष्णतावाहकता आणि L म्हणजे वस्तूचं घनफळ भागिले पृष्ठफळ. गोळ्यासाठी हा L व्यासाचा सहावा भाग येतो. काही पुस्तकांत L च्या जागी सरळ त्रिज्या घेतात. तेव्हा अंक तिप्पट येतो, म्हणून तुलना करण्याआधी कोणता L घेतलाय ते बघावं.

आता ४० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा घेऊ. तो २०० अंशांना तापवलाय, खोली ३० अंशांवर आहे आणि पंख्याच्या वाऱ्यात h साधारण २५ आहे. पोलादाचा k ४५ धरला तर Bi ०.००४ च्याही खाली येतो. नेहमीचा संकेत असा, की हा अंक ०.१ च्या आत असेल तर संपूर्ण वस्तूला एकच तापमान आहे असं खुशाल मानावं. चूक साधारण पाच टक्क्यांच्या आत राहते. मग अवघड गणिताची गरजच उरत नाही. गोळ्याची उष्णता साठवण्याची क्षमता भागिले h आणि पृष्ठफळाचा गुणाकार, एवढं केलं की एक ठरावीक काळ मिळतो. इथे तो सुमारे १७ मिनिटं आहे. दर १७ मिनिटांनी खोलीशी असलेला फरक ३७ टक्क्यांवर येतो: १७० चा ६३, ६३ चा २३. गोळा ५० अंशांवर यायला साधारण ३६ मिनिटं लागतात.

तोच गोळा ढवळत्या पाण्यात टाकला की हिशोब कोलमडतो. पाण्याच्या उकळण्याची भानगड बाजूला ठेवून h ३००० धरू. Bi ०.४४ होतो. सोपी रीत म्हणते, सहा सेकंदांनी गोळा ११३ अंशांवर असेल. आतल्या उष्णतावहनाचं नीट गणित केलं तर पृष्ठभाग १०४ वर आलेला असतो आणि गाभा अजून १६२ वर! वरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच असतो. भट्टीतून ८५० अंशांवर काढलेल्या जॉबला पाणी देताना हीच ओढाताण कितीतरी मोठी असते. जॉब तडकतात त्यामागचं हे एक मुख्य कारण.

मग रीत कुठपर्यंत चालते? या गोळ्यासाठी h सुमारे ६७५ होईपर्यंत. साधा पंखा तिथवर पोचतच नाही. पण गोळा स्टेनलेस स्टीलचा असेल तर त्याची वाहकता साध्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, त्यामुळे मर्यादाही तितकीच खाली येते. बटाट्याचा k तर जेमतेम अर्धा! सहा सेंटिमीटरचा बटाटा साध्या हवेतसुद्धा ०.१ ओलांडतो.

ही रीत फसली की नाही ते कागदावर न बसताही कळतं. सहा सेकंदांनी गोळा पाण्यातून बाहेर काढा आणि पृष्ठभागावरच्या थर्मोकपलकडे बघत राहा. आकडा आधी उतरत नाही, चढतो. गाभ्यातली उष्णता वर येते आणि १०४ चा पृष्ठभाग काही सेकंदांत १२५ च्या आसपास जाऊन थांबतो.