‘इंग’ची करामत

गेल्या रविवारी आमच्या दहा वर्षांच्या लेकीनं शाळेचा वर्कशीट माझ्यापुढे टाकला. दहा वाक्यं, प्रत्येकात एक ‘इंग’वाला शब्द, त्याखाली जेरंड की प्रेझेंट पार्टिसिपल ते लिहायचं. निम्मी उत्तरं चुकली होती. तिनं आपला नियम केला होता : वाक्याच्या सुरुवातीला ‘इंग’ आलं की जेरंड, ‘इज’नंतर आलं की पार्टिसिपल.

मी इंजिनियर माणूस, व्याकरणाशी शाळा सुटल्यापासून संबंध नाही. पण म्हटलं, “हीच वाक्यं मला मराठीत सांग बघू.”

“क्रॉसिंग द रोड इज डेंजरस.” ती म्हणाली, “रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे.” पुढचं, “क्रॉसिंग द रोड, ही वेव्हड टु मी.” “रस्ता ओलांडताना त्यानं मला हात केला.” दोन्हीकडे ‘इंग’ सुरुवातीलाच; पण मराठीत एकदा ‘ओलांडणं’ आणि एकदा ‘ओलांडताना’! ‘णं’ आलं की क्रियेचं नाव, म्हणजे जेरंड. ‘त’ किंवा ‘ताना’ आलं की पार्टिसिपल.

‘इज’चा नियमही असाच कोसळला. “माय सिस्टर इज पेंटिंग” म्हणजे बहीण चित्र काढतेय : पार्टिसिपल. “माय हॉबी इज पेंटिंग” म्हणजे माझा छंद चित्रं काढणं : जेरंड. छंद काही स्वतः ब्रश घेऊन बसत नाही!

मग अडलो आम्ही ‘स्लीपिंग बेबी’पाशी. मराठीत ‘झोपलेलं बाळ’. इथे ना ‘णं’ ना ‘त’. झोपणं, बसणं, उभं राहणं अशा क्रियापदांना मराठी ‘लेला’ लावते, तिथे आपली युक्ती अपुरी पडते. तेव्हा दुसरा प्रश्न विचारायचा : क्रिया करतंय कोण? बाळ झोपतं, म्हणून पार्टिसिपल. ‘स्लीपिंग बॅग’मधली बॅग झोपत नाही; ती झोपण्यासाठी असते, म्हणून जेरंड.

शेवटचं वाक्य होतं, “व्हिजिटिंग रिलेटिव्ज कॅन बी बोअरिंग.” नातेवाइकांकडे जाणं कंटाळवाणं, की घरी आलेले नातेवाईक? लेकीनं माझ्याकडे मिस्कीलपणे पाहिलं. दोन्ही अर्थ बरोबर, म्हणून दोन्ही लेबलंही बरोबर. ‘कॅन बी’ काढून ‘इज’ घातलं तर जाणं कंटाळवाणं, म्हणजे जेरंड. ‘आर’ घातलं तर पाहुणे, म्हणजे पार्टिसिपल.

गंमत म्हणजे 2002 सालच्या हडलस्टन आणि पुलम यांच्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणात हा भेदच ठेवलेला नाही. दोन्हींना मिळून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं एकच नाव दिलंय, कारण इंग्रजीत रूप एकच. मराठीत रूपं वेगळी, म्हणून भेद कानाला कळतो.

लेकीनं दहाही वाक्यं पुन्हा सोडवली, प्रत्येकापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी लिहून. शाळेत वर्कशीट देण्याआधी ते खोडायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, “राहू दे.”