धुक्यातले भाषण

फँटसी कादंबरीत एक प्रसंग वाचकाला हमखास भेटतो. जुलमी सत्तेखाली पिचलेले गाव असते, दिवसभराच्या कष्टाने लोकांच्या पाठी मोडलेल्या असतात. अशा वेळी बाहेरून आलेला बंडखोर नेता त्यांच्यापुढे उभा राहून बोलतो आणि त्यांना लढायला सांगतो. बहुतेक कादंबऱ्यांत भाषण संपते तेव्हा हात वर गेलेले असतात आणि प्रकरणही तिथेच संपते. हे वाचताना मनात राहणारी शंका अगदी साधी आहे. जी माणसे कालपर्यंत मान खाली घालून जगत होती, ती आज चार वाक्यांनी का उठली? ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाची ‘मिस्टबॉर्न: द फायनल एम्पायर’ ही कादंबरी २००६ साली आली. तिने ही शंका फार गांभीर्याने घेतली आहे. तिचा नायक केल्सियर उत्तम बोलतो. तरीही कथेच्या सुरुवातीलाच त्याचे बोलणे वाया जाते.

या कादंबरीतले जग राखेचे आहे. आकाशातून राख पडते आणि रात्र झाली की दाट धुके उतरते. लॉर्ड रूलर हा देव मानला जाणारा सम्राट तिथे एक हजार वर्षे राज्य करतो आहे. वर सरदार आहेत आणि खाली ‘स्का’ नावाचा कष्टकरी वर्ग. स्का सरदारांच्या शेतांवर आणि कारखान्यांत राबतात, आणि सरदाराने एखाद्याला मारले तरी दाद मागायला जागा नसते. हजार वर्षांच्या या मुदतीवर सगळा प्रसंग उभा आहे. स्का दमलेले आहेत, पण त्यांचा थकवा एका हंगामाचा किंवा एका दुष्काळाचा नाही. वेगळे काही कधी होते याची आठवण त्यांच्यापैकी कुणापाशीच नाही. ‘पूर्वीचे दिवस आठवा’ हे अशा भाषणातले नेहमीचे अस्त्र इथे चालत नाही, कारण पूर्वीचे चांगले दिवस कुणी पाहिलेच नाहीत.

आरंभीच्या प्रकरणात केल्सियर ट्रेस्टिंग नावाच्या सरदाराच्या मळ्यावर येतो. रात्री तो स्कांच्या एका कोंदट झोपडीत त्यांच्यामध्ये बसतो. तिथे दोन माणसे ठळक दिसतात. त्यातला एक म्हातारा मेनिस, दुसरा त्यांच्यातला पुढारी टेपर. केल्सियर आल्याआल्या भाषण ठोकत नाही. तो खाणे घेऊन आलेला असतो, रोजच्या पाणचट जेवणासमोर मेजवानी वाटावी असे. तो हसतोही, आणि या जगात स्का उघडपणे हसत नाहीत. त्याच्या हातांवर व्रणांची जाळी आहे. हॅथसिनच्या खाणींत कैद्यांना धारदार स्फटिकांनी भरलेल्या कपारींत हात घालून काम करावे लागते आणि तिथे गेलेला माणूस परत येत नाही. केल्सियर तिथून जिवंत सुटलेला एकमेव आहे. त्यामुळे तोंड उघडण्याआधीच त्याचे हात त्याच्या बाजूने बोलतात. भाषण रचणाऱ्या लेखकाला यातून एक चांगली गोष्ट उचलता येते. वक्त्याचे वजन त्याच्या शब्दांत नसून त्याने काय सोसले यात आहे, आणि ते ऐकणाऱ्याला डोळ्यांनी दिसते आहे.

तरीही झोपडीतली माणसे हलत नाहीत. सँडरसनने मेनिसला भित्रा केलेले नाही, तो शहाणा आहे. त्याचा हिशेब पक्का आहे. बंड झाले तर सैनिक येतील, सैनिक आले तर सगळे मरतील, आणि मान खाली ठेवली तर निदान काही जण जगतील. या हिशेबाला केल्सियरपाशी उत्तर नाही, कारण मेनिसच्या दृष्टीने तो बरोबर आहे. बोलणे चालू असतानाच बाहेरून किंकाळी ऐकू येते. सरदाराची माणसे एका मुलीला उचलून नेत असतात. अशा मुलींचे पुढे काय होते हे झोपडीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि कुणीही उठत नाही. गावकऱ्यांचा थकवा लेखकाने इथे वर्णनाने सांगितलेला नाही. एक किंकाळी आणि त्यानंतर न उठलेली माणसे, एवढ्यावरच तो उभा राहतो.

केल्सियर एकटाच बाहेर पडतो, धुक्यात. स्का धुक्याला भुतासारखे भितात, रात्री दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. सकाळी मेनिस बाहेर येतो तेव्हा सरदाराचा वाडा जळून गेलेला असतो, सरदार आणि त्याची माणसे मेलेली असतात, आणि मुलगी परत आलेली असते. मेनिसला आनंद होत नाही. त्याला दिसते की आता सम्राटाचे सैनिक येणार आणि मळ्यावरच्या सगळ्यांची कत्तल होणार. जगायचे असेल तर पळून बंडखोरांना जाऊन मिळणे एवढाच मार्ग उरतो. ज्यांना बोलून पटवता आले नाही, त्यांचा परतीचा रस्ताच केल्सियरने तोडून टाकलेला असतो. हे वाचकाला टोचते, आणि टोचावे असाच लेखकाचा हेतू आहे. गावकऱ्यांनी लढा निवडला असे इथे म्हणता येत नाही.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या १९५५ च्या कादंबरीशी तुलना केली तर फरक नीट कळतो. तिच्या अखेरच्या भागात चार हॉबिट घरी परततात, आणि त्यांच्या शायरवर गुंडांचे राज्य आलेले असते. तिथे मोठे भाषण होत नाही. मेरी आपले शिंग फुंकतो, शेतकरी कॉटन आणि त्याचे शेजारी बाहेर येतात, आणि थोड्याच वेळात रस्ता माणसांनी भरून जातो. शायरवरचा जुलूम जेमतेम वर्षभराचा आहे. लोकांना जुने शायर आठवते, शिंगाचा अर्थ ठाऊक असतो, आणि प्रत्येकाच्या मनात साचलेला राग फक्त खूण मिळण्याची वाट पाहत असतो. अशा ठिकाणी लांब भाषण घातले असते तर ते खोटे वाटले असते. थकवा किती जुना आहे यावर भाषण किती लागेल हे ठरते, आणि हजार वर्षांच्या थकव्यापुढे भाषण कितीही लांबवले तरी पुरे पडत नाही.

सँडरसनच्या जगात बोलण्याला जादूची जोड आहे, आणि तिथून प्रश्न अधिक अवघड होतो. काही माणसे धातू गिळून तो शरीरात ‘जाळतात’ आणि त्यातून शक्ती मिळवतात. पितळ जाळणारा दुसऱ्याच्या भावना शांत करतो, जस्त जाळणारा त्या भडकवतो. केल्सियरच्या टोळीतला ब्रीझ पितळेचा जाणकार आहे. बंडासाठी माणसे भरती करण्याच्या सभांत वक्ता बोलत असतो आणि ब्रीझ बाजूला राहून श्रोत्यांच्या मनातली भीती दाबत असतो. धैर्य तो कुणाला देत नाही. तो फक्त भीती कमी करतो, म्हणजे तिच्याखाली आधीच असलेली चीड वर येते. हे फार नेमके आहे. जादू नसलेल्या जगातही भाषण बरेचसे हेच काम करते. गर्दीत शेजारचा उभा राहिलेला दिसला की एकट्याची भीती कमी होते.

ब्रीझचे म्हणणे असे की माणसे एकमेकांच्या मनाला ढकलतच असतात, तो फक्त हे काम कुशलतेने करतो. कथेची नायिका व्हिन ही चोरांच्या टोळीत फसवणूक सोसत वाढलेली मुलगी आहे, आणि तिला हे सहज पटत नाही. वाचकालाही पटू नये. सभेतून उठून बंडात गेलेल्या माणसाने आपला जीव पणाला लावला तो स्वतःच्या मनाने की दुसऱ्याच्या पितळेने, हे तो सांगू शकत नाही. कादंबरी या शंकेचा निकाल लावत नाही, आणि ते बरे झाले, नाहीतर पुढे जे घडते त्याला धार आली नसती.

हळूहळू बंडखोरांचे सैन्य जमते. दहा हजार माणसे हवी असतात, सुमारे सात हजार मिळतात, आणि ती गुहांमध्ये लपून शिकत असतात. तिथे केल्सियरचे दुसरे मोठे बोलणे होते, आणि या वेळी ते अति चांगले जमते. बिल्ग नावाचा नाराज माणूस सैनिकांत कुरकुर पसरवत असतो. केल्सियर त्याला डेमू नावाच्या निष्ठावान पण लढण्यात कच्च्या सैनिकाशी सर्वांसमोर लढायला लावतो. डेमू जिंकतो, कारण केल्सियर दुरून आपल्या शक्तीने तलवारी ढकलत आणि ओढत असतो. आपली शक्ती या सैन्याच्या पाठीशी राहील, असा विश्वास तो त्यांना देतो. गुहा घोषणांनी दणाणून जाते. साध्या कादंबरीत हा विजयाचा क्षण ठरला असता.

इथे त्यातूनच संकट येते. सैनिकांना खरोखर वाटू लागते की आपल्याला कुणी हरवू शकत नाही. बंडाचा अधिकृत प्रमुख येडेन सावध माणूस आहे, पण तोही त्या विश्वासाला बळी पडतो. केल्सियर दूर असताना तो बहुतेक सैन्य घेऊन सम्राटाच्या तळावर चालून जातो आणि सैन्य कापले जाते. ज्यांनी मागे राहायचे ठरवले, तेवढे वाचतात. केल्सियरचा स्वतःवरचा विश्वास पहिल्यांदा इथे तडकतो, आणि त्याच्या बोलण्याची किंमत वाचकाला आता प्रेतांत मोजावी लागते. आरंभीच्या झोपडीत मेनिसने मांडलेला हिशेब इथे पुन्हा समोर उभा राहतो, आणि तो खोटा ठरलेला नाही.

जोशपूर्ण भाषण कुठे फसते, हे ओळखण्याची खूण यातून हाती लागते. ते केवळ शूरपणाचे शब्द पुरवत असेल आणि ऐकणाऱ्याच्या हिशेबाला हातच लावत नसेल, तर ते पोकळ आहे. लेखकाने मेनिससारख्या माणसाला खोलीत आणून त्याला खरा युक्तिवाद दिलेला नसेल, तर भाषणाचा विजय आधीच ठरवून ठेवलेला असतो. आणि भाषणानंतर कुणीही कशाचीही किंमत मोजत नसेल, तर वाचक ते दुसऱ्या दिवशी विसरतो.

केल्सियरचे सर्वांत प्रभावी बोलणे अखेरच्या भागात येते आणि त्यात शब्द जवळजवळ नाहीत. राजधानीत तो उघडपणे लढतो, आजवर कुणाला न मारता आलेल्या सम्राटाच्या एका राक्षसी तपासकाला ठार करतो, आणि मग लॉर्ड रूलर त्याला हजारो स्कांसमोर मारतो. हे मरण त्याने योजलेले असते. जमावाला शब्द न देता, आपण अमर आहोत असे सांगत आलेल्या सम्राटाच्या अजिंक्य सेवकालाही मारता येते, हे त्याने दाखवलेले असते. त्याहून विचित्र गोष्ट पुढे घडते. मृताची हाडे अंगात धारण करून त्याचे रूप घेणारा एक प्राणी आधीच ठरल्याप्रमाणे केल्सियर होऊन लोकांना दिसतो आणि त्यांच्याशी बोलतो. मेलेला माणूस परतला असे स्कांना वाटते. त्यांना सांगितलेली गोष्ट खोटी आहे, तरी तिने उठवलेली माणसे खरी आहेत, आणि त्यांच्या हाती टोळीने जमवलेली शस्त्रे पडतात.

त्या रात्री धुके नेहमीसारखे उतरते. स्का घराबाहेर असतात, हातात मशाली घेऊन, धुक्यात.