पाच वाक्यांचा परिच्छेद



भंडारदऱ्यातील आमची तिसरीची मुले काजव्यांविषयी तासभर बोलतात. लिहायला सांगितले की ‘काजवे छान असतात’ इथेच पेन्सिल अडते. म्हणून आम्ही आधी शब्दांचे जाळे काढतो.

फळ्याच्या मधोमध गोलात मी ‘काजवे’ लिहिते. मुले सांगतील ते शब्द भोवती रेषांनी जोडते: हिरडा, लुकलुक, चटका नाही, पर्यटक, धरण. मग विचारते, “यातून सांगायचे काय?” एक मुलगी म्हणाली, “काजव्यांचा उजेड वेगळाच असतो.” हे झाले मुख्य वाक्य. त्याला न जुळणारे शब्द, म्हणजे पर्यटक आणि धरण, मुलांनीच खोडले. उरलेल्या तीन शब्दांची तीन वाक्ये झाली आणि शेवटी एक समारोपाचे:

‘काजव्यांचा उजेड वेगळाच असतो. पावसाआधी ते हिरड्यावर बसले की सगळे झाड चमकते. ते लुकलुकतात, दिव्यासारखे जळत राहत नाहीत. हातावर घेतले तरी चटका बसत नाही. असा थंड उजेड आमच्या चुलीला नसतो.’

मुख्य वाक्य फार मोघम असले की घोटाळा होतो. ‘काजवे छान असतात’ याला पर्यटकही जुळतात आणि धरणही. काहीच खोडले जात नाही आणि परिच्छेदाची यादी होते. त्याची परीक्षा सोपी आहे. पहिले वाक्य हाताने झाकून बाकीची चार शेजाऱ्याला वाचून दाखवायची. झाकलेले वाक्य काय सांगते हे त्याने ओळखले, तर परिच्छेद जमला. नाही ओळखले, तर पुन्हा जाळ्याकडे जायचे.