पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

कार्यालयात लॅपटॉपला मोठा बाहेरचा कीबोर्ड जोडून दिवसभर हिशेबाचे काम झाले. संध्याकाळी कीबोर्ड काढला आणि लॅपटॉप मिटून घरी नेला. घरी उघडून konkan93 हा नेहमीचा पासवर्ड टाकला, तर ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे उत्तर आले. पुन्हा सावकाश टाकला, तरीही तेच!

इथे बोटे चुकलेली नसतात. कीबोर्ड संगणकाला फक्त ‘अमुक बटण दाबले’ एवढेच कळवतो. कॅप्सलॉक किंवा न्यूमलॉक चालू आहे की बंद, याची नोंद संगणक ठेवतो आणि कीबोर्डवरचा दिवाही तोच लावतो. विंडोजमध्ये ही नोंद जोडलेल्या सगळ्या कीबोर्डांसाठी एकच असते. म्हणून बाहेरच्या कीबोर्डवर लावलेला न्यूमलॉक तो काढून घेतल्यावरही चालूच राहू शकतो, विशेषतः लॅपटॉप बंद न करता नुसता मिटला असेल तर.

आकड्यांचा वेगळा गट नसलेल्या अनेक जुन्या, लहान लॅपटॉपांत अक्षरांच्या बटणांतच आकडे दडवलेले असतात. न्यूमलॉक लागला की J, K, L ची 1, 2, 3 होतात, U, I, O ची 4, 5, 6 आणि M चा शून्य. मग konkan93 टाकताना प्रत्यक्षात 26n2an93 उमटते. पडद्यावर ठिपके मात्र आठच दिसतात, त्यामुळे संशय येत नाही.

उलटही घडते. न्यूमलॉक बंद असताना मोठ्या कीबोर्डच्या उजव्या गटातून 93 दाबले, तर आकडे उमटत नाहीत, कारण ती बटणे तेव्हा पान वर-खाली सरकवण्याचे काम करतात. इथे ठिपके सहाच दिसतात. म्हणून पासवर्ड पुन्हा टाकण्याआधी ठिपके मोजणे फार उपयोगाचे आहे. कमी भरले तर उजवा गट तपासायचा. संख्या बरोबर असेल तर कॅप्सलॉक किंवा अक्षरांत दडलेले आकडे, यांपैकी एकावर संशय घ्यायचा. कॅप्सलॉक असेल तर विंडोज बहुधा रकान्याखाली तशी सूचना देते. न्यूमलॉकसाठी अशी सूचना नसते, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

मॅकवर कॅप्सलॉकची नोंद प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी असते. तिथे लॅपटॉपवरचा दिवा विझलेला असला, तरी बाहेरच्या कीबोर्डवर कॅप्सलॉक लागलेला असू शकतो.

सर्वात खात्रीची तपासणी म्हणजे रकान्यातले डोळ्याचे चिन्ह दाबून उमटलेली अक्षरे वाचणे. ते नसेल तर विंडोजच्या प्रवेशपडद्यावर उजव्या कोपऱ्यातल्या सुलभता चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा आणि माउसने अक्षरे निवडावीत. अक्षरांत दडलेल्या आकड्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. आत गेल्यावर बाहेरचा कीबोर्ड पुन्हा जोडून न्यूमलॉक बंद करता येतो. लॅपटॉपवर वेगळे बटण नसेल तर तो बहुधा Fn सोबत दुसरे एखादे बटण दाबून बदलतो, पण ते बटण मॉडेलनुसार वेगळे असते. हे सगळे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाआधीच तपासावे, कारण अनेक कार्यालयांत ठरावीक चुकांनंतर खातेच कुलूपबंद होते.