वीस गुंठे आणि पॉइंट वीस

मी २०१६ साली कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर तळवलीतल्या आमच्या ओटीवर पत्र्याच्या पेट्या यायला लागल्या. कुणाच्या पेटीत आजोबांच्या नावचे जुने सातबारे, कुणाच्या पेटीत फेरफाराच्या नकला, कुणाकडे संपादनाच्या निवाड्याचा उतारा. सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंचाण्णव गावं नवीन शहराच्या नकाशात आली, आणि इकडच्या घरोघरी जमिनीच्या जागी कागद राहिला. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांसाठी वारस जमवताना त्या कागदांची गरज नातवंडांना पडली. ती म्हणाली, काका, तुम्ही कचेरीत होतात, हे सगळं कॉम्प्युटरवर तक्त्यात घालून द्या.

मी होकार दिला. कुठल्या गावच्या कुठल्या पानावर काय सापडलं ते लिहीत नाही. माणसं आहेत अजून.

पहिल्या पावसाळ्यात मी स्वतःच घोळ घातला. जुन्या उताऱ्यात क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, १-१० म्हणजे एक एकर दहा गुंठे. तसंच टाइप केलं तर एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. म्हणून मी मधल्या रेघेऐवजी टिंब द्यायला लागलो, 1.10. एंटर दाबलं की तिथे 1.1 उरायचं. दहा गुंठे आणि एक गुंठा माझ्या तक्त्यात सारखेच दिसू लागले, आणि हे माझ्या लक्षात यायला दीड महिना गेला. तोवर एका बेरजेच्या रकान्यात दोन एकर पन्नास गुंठे आले होते. गुंठा एकोणचाळीसच्या पुढे जात नाही, चाळीस झाले की एकर होतो. पन्नास गुंठे हा आकडाच अस्तित्वात नसतो. हे शिकायला मला वेगळी शाळा लागली नव्हती, चाळीस वर्षांची नोकरी पुरली होती, आणि तरी मी चुकलो. एकर एका रकान्यात, गुंठे दुसऱ्यात, असं सगळं पुन्हा टाइप केलं.

त्या चुकीची लाज वाटली म्हणूनच पुढचं दिसलं, असं आता वाटतं.

एका काकूंची पेटी होती. वय ऐंशीच्या पुढे, नात्याने लांबच्या, पण सगळं गाव त्यांना काकूच म्हणतं. माझ्यासमोर बसल्या की त्यांचं एकच वाक्य असायचं, ‘‘आपली दीर एकर व्हती रं, माजा सासरा दीर एकर बोलायचा.’’ त्यांच्या पेटीतल्या हेक्टर-आरमधल्या सातबाऱ्यावर मात्र ०-४८-५६ असं लिहिलं होतं. हेक्टर शून्य, आर अठ्ठेचाळीस, चौरस मीटर छप्पन. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, गुंठ्यापेक्षा आर एका टक्क्याने लहान. म्हणजे कागदावर काकूंची जमीन अठ्ठेचाळीस गुंठे, आणि तोंडी दीड एकर म्हणजे साठ. घरात सगळे म्हणत, म्हातारीला वाढवून सांगायची सवय आहे. मीही मनात तेच म्हणत होतो. जमीन गेली की आठवणीत ती वाढतेच.

मग त्याच पेटीच्या तळाला जुना उतारा सापडला, एकरातला. १-२०. एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकरच.

दशमान पद्धत आली तेव्हा एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करायचं काम कुणीतरी हाताने केलं होतं. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. १-२० चे साठ गुंठे, त्याचे ६०.७० आर व्हायला हवे होते. लिहिणाऱ्याने १-२० हा आकडा एक पॉइंट वीस असा वाचला आणि १.२० ला ४०.४७ ने गुणलं. उत्तर ४८.५६. गणित बरोबर, वाचन चूक. जी चूक मी पावसाळ्यात केली, तीच चूक माझ्या पन्नास वर्षं आधी कुणीतरी टाकाच्या निबने केली होती.

त्यानंतर मी शोधायला लागलो. ओळखायला सोपं निघालं. चूक असेल तर तूट गुंठ्यांच्या प्रमाणात येते, दर गुंठ्याला ०.६०७ आर. वीस गुंठ्यांना बारा आर गेले. दुसऱ्या पेटीत १-१० चे ५०.५९ ऐवजी ४४.५२ लिहिलेले, फरक ६.०७. जिथे भागाकार ०.६०७ च्या आसपास येत नाही, तिथे तूट खरी असते: रस्त्यात गेलेली, पोटखराब्यात दाखवलेली, भावाच्या हिश्श्यात सरकलेली. तक्त्यात मी एक रकाना वाढवला आणि त्यात एवढंच घातलं:

```
=(B2*40+C2)*1.0117
```

`B` मध्ये एकर, `C` मध्ये गुंठे. उत्तर आरमध्ये, ते कागदावरच्या आकड्याशेजारी.

अडचण एवढीच की चूक नेहमी तुटीचीच नसते. गुंठे एका अंकी असले आणि पुढचं शून्य लिहिलं नसेल तर उलटं होतं. २-५ म्हणजे दोन एकर पाच गुंठे, साधारण ८६ आर. ते अडीच समजलं की १०१ आर. अशीही एक नोंद निघाली. त्या घरच्या मुलाने पेटी बंद केली आणि म्हणाला, काका, ही राहू दे. मी तो रकाना रिकामा ठेवला नाही, पण त्याला विचारल्याशिवाय कुणाला दाखवलाही नाही. हे बरोबर केलं की चूक, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

बारा आर म्हणजे काय, ते इथल्या माणसाला समजावावं लागत नाही. १२१४ चौरस मीटर. साडेबारा टक्के म्हटलं तरी त्यातले पावणेचार सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात, हातात उरतात पावणेनऊ. तरी शंभर चौरस मीटरच्या वर भूखंड. घणसोली ते रबाळे पट्ट्यात त्याची किंमत विचारू नका. म्हणूनच काकूंच्या नातवाने माझ्यामागे धोशा लावला की अर्ज करू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो, हे त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, थांब. सातबारा हे एक टोक झालं, पैसे कशावर मिळाले ते बघू. संपादनाच्या वेळी जमिनीची संयुक्त मोजणी होते आणि निवाड्यातलं क्षेत्र त्या मोजणीवरून येऊ शकतं. नातवाने निवाड्याचा उतारा आणून दिला. काकूंच्या सासऱ्यांच्या नावापुढे क्षेत्र होतं ०-६०-७०.

म्हणजे मोजणीदाराने साखळी जमिनीवर टाकली होती, कागदावर नाही. मोबदला साठ आरांचा मिळाला होता, भूखंडाचा हिशेबही त्यावरच झाला होता. अठ्ठेचाळीसचा आकडा फक्त त्या एका सातबाऱ्यावर राहिला, आणि घरातल्या लोकांनी तोच खरा धरला. नातवाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दोन पेट्यांत निवाडाही कागदावरून गेल्यासारखा दिसतो, त्यांची आकारबंदाशी ताडणी अजून व्हायची आहे, आणि इतक्या वर्षांनी निवाड्याला हात लावणं सातबाऱ्याच्या दुरुस्तीइतकं सोपं नाही, हे मी त्या घरांना सांगून ठेवलंय.

काकूंना मी सगळं आकडे दाखवून समजावलं. त्यांनी शून्य, साठ, सत्तर हे काही ऐकलं नाही.

‘‘दीर एकर ना?’’

‘‘दीड एकर, काकू.’’

‘‘मंग तसा लिव. अक्षरी लिव.’’

जुन्या खरेदीखतांत क्षेत्र आकड्यानंतर अक्षरी लिहिण्याची पद्धत होती. मी तक्त्यात शेवटी एक नवा रकाना काढला आणि पहिल्या ओळीत टाइप केलं: एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर फक्त.